काच घरी पोचेपर्यंत

ऐंशीच्या दशकात लग्न होऊन सासरी आलेल्या आम्हा सुनांना घरातला पहिला टीव्ही जितका आठवतो, तितकंच तो जिथून आला ते दुकानही आठवतं. बाजारपेठेत पुढच्या बाजूला मिक्सर, इस्त्र्या, पंखे, आणि आत काचेच्या कपाटाला टेकून ओळीने मांडलेले टीव्ही. क्राउन, डायनोरा, वेस्टन, पुढे ओनिडा आणि आपल्या औरंगाबादचा व्हिडिओकॉन. शेठ एकाच वेळी तीन संच लावून दाखवायचे. सासरे आवाज बघायचे, दीर रंग बघायचे, सासूबाई लाकडी शटरला कुलूप लागतं का ते बघायच्या, आणि आम्ही मागे उभ्या राहून सगळं बघायचो. निम्मे पैसे रोख आणि निम्मे भात विकल्यावर, असा तोंडी व्यवहार व्हायचा. मग चालू संच बंद करून तोच खोक्यात भरला जाई. गॅरंटी कार्डावर शेठ दुकानाचा शिक्का मारत, तारीख घालत. ते कार्ड घरात विम्याच्या कागदांबरोबर ट्रंकेत जायचं.

दुकानातला पोरगा संचाबरोबरच घरी यायचा. बांबू, अँटेना, चपटी वायर, बूस्टर सगळं त्याच्याकडेच. कौलावर चढून तो अँटेना फिरवायचा आणि चित्रातल्या मुंग्या कमी झाल्या की चहा पिऊन जायचा. त्यानंतर काही बिघडलं, तर शेठकडे जायची वेळ क्वचितच येई, कारण दोन आळ्या सोडून मेकॅनिक असायचा. त्याच्या टपरीत पाठी उघडलेले संच उताणे पडलेले असत. तो सोल्डरिंग आयर्न नाकाजवळ धरून सांगायचा, ‘एलओटी गेलाय’, नाहीतर ‘कंडेन्सर फुगलाय’, नाहीतर ‘ड्राय सोल्डर आहे, पाच मिनिटांचं काम.’ त्याच्याकडे सुटे भाग असत. नसले तर मुंबईहून येणाऱ्या एसटीने ते मागवले जात. कंपनीचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे हा प्रश्न आमच्या घरांत कधी विचारलाच गेला नाही.

या आठवणींवर साखर जास्त पडू नये म्हणून हेही सांगायला हवं. त्याच शेठच्या बिलावर तळाला लाल अक्षरांत छापलेलं असे, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ माझ्या नणंदेच्या संचाची पिक्चर ट्यूब पहिल्याच वर्षात गेली, तेव्हा शेठनी संच मुंबईला पाठवला आणि तो परत यायला गणपती जाऊन दिवाळी उजाडली. तोवर तिच्या घरची मंडळी शेजाऱ्यांकडे रामायण बघत होती. दुकानात माल असेल तो घ्यायचा, सांगितलेली किंमत द्यायची, आणि शेठचा स्वभाव चांगला असला तर नशीब. परतीचा हक्क नव्हता. होती ती ओळख.

तरी हा सगळा कारभार चालायचा, कारण तो संच दणकट होता. पिक्चर ट्यूबची पुढची काच जाड असते. एकवीस इंची संच उचलायला दोन माणसं लागायची. तो जीपच्या मागे, एसटीच्या टपावर, गादीत गुंडाळून बैलगाडीतसुद्धा गेलेला आम्ही पाहिला आहे. धक्क्याने आत एखादं कार्ड सैल व्हायचं, ते दाबून बसवलं की चित्र परत यायचं. वाटेत झालेलं नुकसान बहुतेक वेळा दुरुस्त होण्यासारखं असायचं, आणि दुरुस्त करणारा गावातच असायचा.

पातळ टीव्ही आले आणि इथेच गणित फिरलं. आजच्या त्रेचाळीस इंची संचात एक भली मोठी, अगदी पातळ काचेची पाटी असते. तिला पॅनेल म्हणतात. उभी असली की ती आपलं वजन नीट पेलते. आडवी ठेवली की मधोमध झोळ पडतो, आणि त्यावर दुसरा खोका असला, खाली खड्ड्यांचा रस्ता असला, की ती आतून तडकते. म्हणून प्रत्येक खोक्यावर उभ्या बाणांचं चित्र असतं. पॅनेल तडकलं की ते सांधता येत नाही, बदलावंच लागतं, आणि नव्या पॅनेलची किंमत बहुधा पूर्ण टीव्हीच्या आसपास जाते. पाठीमागचं पॉवर कार्ड किंवा उजेडाच्या पट्ट्या गेल्या तर गावातला हुशार मेकॅनिक आजही काम करून देतो. तडकलेल्या काचेपुढे मात्र तोही हात जोडतो. वॉरंटीसुद्धा इथे उपयोगी नाही, कारण वॉरंटी बिघाडाची असते आणि तडा म्हणजे ‘फिजिकल डॅमेज’. तेव्हा खरा सवाल हा की काच तडकली तेव्हा ती कोणाच्या ताब्यात होती? टीव्ही दुकानातून घ्यायचा की ऑनलाइन, याची बरीचशी चर्चा या एका सवालापाशी येऊन थांबते.

आमच्या धाकट्या दिरांच्या घरी, दापोली तालुक्यात, हा सवाल एका गणपतीत उभा राहिला. जुना एकवीस इंची संच अजून चालू होता, पण मुंबईची मंडळी उतरायची म्हणून मोठा टीव्ही हवा होता. दापोलीच्या शेठकडे त्रेचाळीस इंचीचे अठ्ठावीस हजार सांगितले होते आणि साडेसत्तावीस हजारांवर ते तयार झाले होते. पुण्यात नोकरी करणाऱ्या पुतण्याने त्याच कंपनीचा तोच नमुना ऑनलाइन सेलमध्ये २४,४९० रुपयांना पाहिला. तीन हजार दहा रुपयांचा फरक. “बाबा, कशाला शेठला द्यायचे?” म्हणून त्याने पुण्यातूनच मागवला.

टीव्ही आला तो खेडच्या गोदामातून, पावसात, ताडपत्री टाकलेल्या छोट्या टेम्पोतून. इतर पार्सलांच्या गर्दीत हा खोका आडवा होता आणि वर गादीचं गुंडाळं होतं. शहरांत ‘ओपन बॉक्स’ पोचवणी असते. पोचवणारा दारात खोका उघडतो, आपण बघतो आणि मगच ओटीपी सांगतो. ही सोय पिनकोडवर ठरते आणि दिरांच्या गावाला ती नव्हती. शिवाय खोक्यावर चिकटवलेलं होतं की इन्स्टॉलेशनला येणाऱ्या माणसाशिवाय खोका उघडू नये. आता दारात खोका, खोक्यापाशी दीर आणि ओटीपी पुण्यात पुतण्याच्या फोनवर. त्याने विचारलं, “डबा बरा आहे ना?” दीर म्हणाले, “बरा आहे, एक कोपरा जरासा चेपलाय.” पुतण्याने ओटीपी सांगितला. टेम्पो पुढच्या वाडीला गेला. कंपनीच्या लेखी टीव्ही त्या क्षणी सुखरूप पोचला.

चिपळूणहून माणूस आला तो पाचव्या दिवशी. त्याने खोका उघडला. पडदा स्वच्छ दिसत होता, जाऊबाईंनी वरून हात फिरवला तर तोही गुळगुळीत. पॅनेलच्या पुढच्या बाजूला प्लास्टिकची एक पातळ फिल्म चिकटवलेली असते. काच आत फुटली तरी फिल्म शाबूत राहते, आणि बंद पडद्यावर काही कळत नाही. बटण दाबल्यावर कळलं. खाली उजव्या कोपऱ्यात शाई सांडल्यासारखा काळा डाग आणि तिथून वर पसरलेल्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा. चिपळूणच्या त्या मुलाने टॉर्च पडद्यावर तिरका धरून तड्याची सुरुवात दाखवली, ती नेमकी चेपलेल्या कोपऱ्याच्या मागे. तो म्हणाला, “काकू, पॅनेलच खराब निघालं असतं तर सरळ रेघा दिसल्या असत्या, उभ्या नाहीतर आडव्या. तडा नसता. हा मार आहे.” हा फरक प्रत्येक घराला माहीत असावा, कारण त्याच्यावर पुढचं सगळं ठरतं. सरळ रेघांची जबाबदारी कंपनीची. तड्याची जबाबदारी मात्र ज्याच्याकडून माल आला त्याची, तीही तो तडा वाटेतला आहे हे दाखवता आलं तर.

परत करायची मुदत सात दिवसांची होती आणि ती पोचवल्याच्या दिवसापासून मोजली जात होती, खोका उघडल्याच्या नव्हे. पाच दिवस वाट बघण्यात गेले होते. पुतण्याने तक्रार टाकली. उत्तर आलं की माल चांगल्या स्थितीत पोचल्याची नोंद आहे. इथे जाऊबाई कामी आल्या. खोका आला त्याच दिवशी त्यांनी ओटीवर त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला होता, ‘आला बघा!’ म्हणून. त्यात चेपलेला कोपरा स्पष्ट होता आणि फोटोवर दिवस-वेळ होती. त्या फोटोबरोबर चालू पडद्याचा फोटो, खोक्यावरचा आणि टीव्हीमागचा सिरियल नंबर एकच असल्याचा फोटो आणि चिपळूणच्या मुलाची जॉबशीट, असं सगळं पुतण्याने तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे पाठवलं. हे पद प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला ठेवावंच लागतं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने अठ्ठेचाळीस तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याच्या आत ती निकालात काढायची असते. सदोष माल परत घ्यायला विक्रेता नाही म्हणू शकत नाही, हेही त्याच नियमांत आहे.

शेवटी कंपनीने मान्य केलं. पण बदलून द्यायला तो नमुना शिल्लक नव्हता, म्हणून पैसे परत. तेही टीव्ही उचलून नेल्यावर. आणि उचलून न्यायला मूळ खोका, आतले थर्मोकोलचे कोपरे, रिमोट, स्क्रू, सगळं जसंच्या तसं हवं. मखराला थर्मोकोलची बंदी आल्यापासून आमच्याकडच्या पोरांचा असल्या तुकड्यांवर डोळा असतो. जाऊबाईंनी ते आधीच माळ्यावर टाकले होते म्हणून वाचले. गणपतीत सगळ्यांनी आरती झाल्यावर जुन्या एकवीस इंचीवरच सिनेमा पाहिला.

आता त्या तीन हजार दहा रुपयांचा हिशेब करून बघू. ऑनलाइन टीव्ही २४,४९० चा. भिंतीला लावायचा ब्रॅकेट खोक्यात नव्हता, त्याचे नऊशे. चिपळूणहून ठरल्या अंतरापलीकडे यायचे पाचशे. झाले २५,८९०. शेठच्या साडेसत्तावीस हजारांत ब्रॅकेट, त्यांच्या टेम्पोने आणून देणं आणि भिंतीला लावून देणं आलं होतं. म्हणजे खरा फरक उरला १,६१० रुपयांचा. या १,६१० रुपयांत शेठ काय विकत होते? ते काच पोचवण्याची जोखीम विकत होते. तडकलेला टीव्ही शेठच्या टेम्पोतून आला असता, तर तो त्याच संध्याकाळी परत जाऊन दुसरा आला असता, आणि कंपनीशी भांडण शेठ करत बसले असते. हे पैसे द्यायचे की वाचवायचे, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. पण मोबाइलच्या पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यांमध्ये ही जोखीम कुठेच लिहिलेली नसते.

पैसे परत आल्यावर दिरांनी टीव्ही शेठकडूनच घेतला. दुकानात लावून बघितला, चारी कोपरे बघितले, पांढरा पडदा लावून डाग बघितले. खोक्यावर छापलेला उत्पादनाचा महिना-वर्षही पाहिला, कारण छोट्या दुकानात मागच्या वर्षीचा माल या वर्षीच्या भावाने पडून असतो. असाच एक जुना खोका त्यांनी बाजूला ठेवायला लावला. मग भिंतीवर टीव्ही लागला आणि सगळे खूश.

पुढे काही महिन्यांनी आवाज जाऊ लागला. दीर शेठकडे गेले. शेठनी टोल-फ्री नंबर फिरवला, तक्रार नोंदवली आणि सांगितलं, “माणूस येईल.” आला तो चिपळूणचाच मुलगा. तोच, ज्याने ऑनलाइन टीव्हीचा तडा दाखवला होता! जाऊबाई मला फोनवर म्हणाल्या, “ताई, मग शेठकडून घेऊन काय मिळालं?” प्रश्न रास्त होता. मिळालं ते पहिल्या दिवसापुरतं. वॉरंटी कंपनीची असते. बिल पक्कं आणि नमुना भारतातला असला, की टीव्ही कुठूनही घेतलेला असो, तिचाच माणूस येतो, तितक्याच लांबून येतो. शेठने आपल्या वतीने फोन केला, पाठपुरावा केला, एवढीच सोय. आमच्या वेळचा मेकॅनिक गेल्यापासून दुकान आणि दुरुस्ती यांची फारकत झाली आहे, आणि आमची पिढी दुकानाकडे बघून दुरुस्तीचा भरवसा धरते.

म्हणून आमच्या घरात आता प्रश्नांचा क्रम बदलला आहे. पूर्वी आधी दुकान आणि मग कंपनी ठरायची. आता आधी बघायचं की या कंपनीचा माणूस आपल्या पिनकोडला कुठून येतो. टोल-फ्री नंबरवर फोन करून पिनकोड सांगायचा आणि विचारायचं, सेंटर कुठलं, घरी येता का, अंतराचे पैसे किती, पॅनेलची वॉरंटी किती वर्षं. स्वस्तातल्या नव्या कंपन्यांचा टीव्ही पुण्या-मुंबईत छान चालतो, पण तालुक्याच्या गावी ‘टीव्ही सेंटरवर आणून द्या’ असं उत्तर मिळालं, तर बेचाळीस-त्रेचाळीस इंचांची काच पुन्हा एकदा रस्त्याला लावायची वेळ येते, आणि या वेळी जोखीम पूर्णपणे आपली. कंपनी पक्की झाली की मग कुठून घ्यायचा हे बघायचं. पुण्यात माझ्या घरी ओपन बॉक्स मिळतं, दारातच बोर्डाला वायर लावून पडदा बघता येतो, म्हणून मी ऑनलाइन घेतला आणि तो उत्तम चालला आहे. दिरांच्या गावी ही सोय येईपर्यंत शेठ बरे.

एका बाबतीत मात्र आजचं गिऱ्हाईक आमच्यापेक्षा सुखी आहे. आमच्या बिलावरच्या त्या लाल अक्षरांना आता फारसा अर्थ उरलेला नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा सांगतो की सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. हे शेठलाही लागू आहे आणि ऑनलाइन विक्रेत्यालाही. दुसरं म्हणजे, ग्राहक आता आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावू शकतो. विक्रेता हरियाणात असला तरी दिरांना रत्नागिरीच्याच आयोगात जाता आलं असतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फीही नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार टाकता येते. माझ्या नणंदेला ट्यूबसाठी दिवाळीपर्यंत थांबताना यातलं काहीच हाताशी नव्हतं. पण कायद्यापुढेही पुरावा लागतो, आणि तो टेम्पो दारात उभा असतानाच गोळा करावा लागतो. खोका उभा आला की आडवा, कोपरे कसे आहेत, टेप दुसऱ्यांदा लावलेली आहे का, हे बघायचं. चारी बाजूंचे फोटो काढायचे. चेपलं असेल तर तसं लिहून घ्यायचं किंवा सरळ माल परत पाठवायचा. आणि इन्स्टॉलेशनची तारीख परतीच्या मुदतीच्या आत पडेल असा तगादा पहिल्याच दिवशी लावायचा.

यंदा पुतण्या फ्रिज बदलायचा म्हणतो आहे आणि पुन्हा कुठल्यातरी सेलवर नजर ठेवून आहे. जाऊबाईंनी त्याला अडवलं नाही. एवढंच बजावलं, “कुठूनही मागव बाबा, पण ओटीपी माझ्या फोनवर येऊ दे. खोका दारात असेल तिथेच तो सांगितला जाईल, आणि मी बघून झाल्यावर.”